दुपार सत्राचा वेळ बांधताना : ऑफ तास, मेसेजची रांग आणि ठरलेले अडथळे



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात बऱ्याच शाळा दोन सत्रांत भरतात. इमारत एकच असते. सकाळची मुलं सुटतात आणि दुपारची आत येतात. दुपार सत्राच्या शिक्षिकेला लवकर येऊन वर्गात बसता येत नाही, कारण तिथे सकाळचा वर्ग चालू असतो. संध्याकाळी शिपाईदादा कुलूप लावायच्या घाईत असतात. म्हणजे आपली पाळी दोन्ही बाजूंनी बंद. शाळेच्या इमारतीत जे काम करायचं ते याच वेळात बसवावं लागतं.

शिक्षण हक्क कायद्यात (२००९) शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत, त्यात पूर्वतयारीचाही वेळ आला. दुपार सत्र साधारण पाच तासांचं. त्यामुळे तयारी आणि तपासणीचा मोठा भाग घरीच होतो. तरीही काही कामं शाळेतच करावी लागतात. वह्या रोज घरी नेता येत नाहीत, दाखले कार्यालयातच तयार होतात आणि पालक शाळेतच भेटतात. ही कामं एकमेकांत न मिसळता कशी बसवायची, ते एका नमुना वेळापत्रकावरून पाहू.

समजा सत्र १२.२० ते ५.३०. परिपाठ आणि हजेरी १२.४० पर्यंत. मग ३० मिनिटांचे आठ तास. तिसऱ्या तासानंतर २.१० ला १० मिनिटांची छोटी सुट्टी, पाचव्यानंतर ३.२० ते ३.५० मोठी सुट्टी आणि खिचडी. ५.२० ला शेवटचा तास संपतो, पुढची १० मिनिटं मुलांना फाटकापर्यंत सोडण्याची. वर्गशिक्षिका आहे, पट ४० आहे आणि दुसरा व पाचवा तास ऑफ आहे. एकूण ३१० मिनिटांत हातात येतात ती एवढी ६० मिनिटं.

आधी आठवडाभर नुसती नोंद

वेळापत्रक आखायच्या आधी पाच दिवस एक काम करायचं. कुणी मध्ये आलं, फोन वाजला, चिठ्ठी आली, की वहीच्या मागच्या पानावर वेळ आणि कारण लिहायचं. तीन-चार शब्द पुरतात : "१२.३५, उशिरा आलेला मुलगा, आई दारात" किंवा "३.१२, खिचडीची संख्या".

आपल्या नमुन्यात पाच दिवसांत असे ३४ अडथळे आले असं धरू. दिवसवार ५, ६, ६, ८ आणि ९. बेरजेपेक्षा ते कुठे पडतात हे महत्त्वाचं. पहिल्या अर्ध्या तासात ११. ३.१० ते ३.५० मध्ये १२. शेवटच्या २० मिनिटांत ६. उरलेल्या जवळजवळ पावणेचार तासांत फक्त ५.

अडथळे असे गोळा होण्याला कारणं आहेत. सुरुवातीला उशिरा येणारी मुलं आणि त्यांना सोडायला आलेले पालक असतात. तीननंतर खिचडीची संख्या द्यायची असते. शिवाय कारखान्यातली सातची पाळी तीनला सुटली की आनंदनगर एमआयडीसीतून घरी जाणारे वडील वाटेत शाळेत डोकावतात. शेवटी घ्यायला आलेल्या आया. म्हणजे बहुतेक अडथळे अचानक येत नाहीत. ते रोज त्याच वेळी येतात. आपण मात्र रोज नव्याने दचकतो.

एकाग्रतेचं काम शांत तासात

आता दोन ऑफ तासांपैकी वह्या कुठल्या तासात तपासायच्या? पाचवा तास २.५० ला सुरू होतो आणि त्याचा शेवट थेट गर्दीत जातो. दुसरा तास, १.१० ते १.४०, शांत आहे. म्हणून वह्या, प्रश्नपत्रिका काढणं, गुणपत्रक भरणं अशी डोकं लागणारी कामं दुसऱ्या तासात.

इथे एक चूक सर्रास होते. एका वहीला दीड मिनिट, मग ३० मिनिटांत २० वह्या, असा हिशेब मांडला जातो. पण वर्गातून शिक्षकखोलीत येणं, गठ्ठा सोडणं, परत जाणं यात पाच-सहा मिनिटं जातात. म्हणून १४ वह्या धराव्यात. १४ वह्यांना २१ मिनिटं लागतात, थोडी जागा उरते आणि तीन दिवसांत ४० चा पट पूर्ण होतो. २० धरल्या तर रोज सहा मागे पडतात आणि गुरुवारी सगळं वेळापत्रकच खोटं वाटू लागतं.

मध्येच उठावं लागलं तर? कामाच्या ठिकाणच्या लक्षावर अभ्यास करणाऱ्या सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलो की मनाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो. पुढच्या अभ्यासात त्यांना यावर एक सोपा उपायही सापडला : उठण्यापूर्वी कुठे थांबलो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं, हे लिहून ठेवणं. आपल्यासाठी गठ्ठ्यावर चिकटवलेली चिठ्ठी पुरते : "९ झाल्या, पुढे शब्दार्थाचा प्रश्न, अनुस्वार बघणे".

रांग किती वेळाने बघायची?

ऐरोलीच्या कॉल सेंटरमध्ये किंवा आयटी कंपनीत काम करणारे पालक 'क्यू' हा शब्द रोज वापरतात. आलेली तक्रार रांगेत लागते आणि ठरलेल्या वेळी रांग तपासली जाते. आपली रांग म्हणजे व्हॉट्सअॅपवरचे पालकांचे मेसेज, केंद्राच्या ग्रुपवर मागितलेली माहिती, बोनाफाईड आणि दाखल्यांचे अर्ज.

नमुन्यात ती तीनदा बघू : सत्राआधी १२.१५ ला, पाचव्या तासात २.५० ला आणि निघताना ५.३० ला. दोन तपासण्यांमधलं सर्वात मोठं अंतर २ तास ४० मिनिटं, म्हणजे १६० मिनिटं. सत्र चालू असताना आलेला मेसेज जास्तीत जास्त १६० मिनिटं थांबेल आणि सरासरीने त्याच्या निम्मी, सुमारे ८० मिनिटं.

या हिशेबातून नियम आपोआप निघतो. जे काम पावणेतीन तास थांबू शकतं तेच मेसेजच्या रांगेत यावं. "उद्या गैरहजर राहील", "बोनाफाईड हवं आहे", "गृहपाठ कळला नाही" हे थांबू शकतं. "आज मुलाला तीनला न्यायला मामा येतील" हे थांबू शकत नाही. ताप, पडणं, लवकर नेणं यासाठी शाळेच्या कार्यालयाचा फोन हाच मार्ग. हे पालकांना सांगितलेलं नसेल तर दिवसातून तीनदा रांग बघणं धोक्याचं आहे. मेसेज टाकला म्हणजे बाईंना कळलं, असं समजून आई निर्धास्त राहते आणि मूल फाटकात उभं राहतं.

बघतानाही क्रम ठेवावा. २.५० ते ३.०५ या १५ मिनिटांत आधी सगळे मेसेज नुसते वाचायचे. मग आजच द्यायची माहिती, जसं पोषण आहाराची नोंद किंवा केंद्राने मागितलेला आकडा. मग दोन ओळींत संपणारी उत्तरं. दाखल्यासारखं मोठं काम तिथे सुरू न करता आठवड्यातल्या एका ठरलेल्या दिवसाच्या यादीत टाकायचं.

अडथळ्यांनाही जागा

सरासरीने दिवसाला सात अडथळे येतात. पण सरासरीवर जागा ठेवली तर दर दोन-तीन दिवसांनी ती कमी पडते. म्हणून सर्वात वाईट दिवसाच्या खालचा दिवस धरावा. आपल्या नोंदीत तो आठचा आहे. एकाला चार मिनिटं म्हणजे ३२ मिनिटं. ती अशी बसतात : परिपाठानंतर १२.३० ते १२.४०, मग ३.०५ ते ३.२० आणि खिचडी वाढून झाल्यावर ३.३५ ते ३.५०. एकूण ४० मिनिटं. फाटकावरची दहा मिनिटं यात धरलेली नाहीत.

शिकवण्याच्या तासाला दारात आलेल्या पालकांना मग नुसतं "नंतर या" म्हणावं लागत नाही. "तीन पस्तीसला भेटू या का? तेव्हा पंधरा मिनिटं निवांत बोलता येईल," असं सांगता येतं. ठरलेली वेळ मिळाली की माणूस थांबतो. घरी जीन्स शिवणाऱ्या आईलाही मशीन कधी थांबवायचं ते आधी कळतं.

कधी मोडतं आणि कसं ओळखायचं

सहकारी रजेवर असला की ऑफ तासावर बदली तास येतो. दुसरा तास गेला तर त्या दिवशी १४ वह्या होणार नाहीत, हे सरळ मान्य करावं. पाचव्या तासात त्या कोंबू नयेत, कारण मग रांगही तुंबते. त्यासाठी शनिवारी एक तास राखीव ठेवावा.

पावसाचं वेगळं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. असा दिवस वेळापत्रकाचा नसतो. लोकल बंद पडून पालक अडकले की रांग सतत बघायची आणि बाकी सगळं बाजूला ठेवायचं.

एरवी महिन्यातून एकदा मागचं पान उघडून तीन गोष्टी बघाव्यात. शांत तास आठवड्यात तीनदा मोडला, तर तो तास शांत राहिलेला नाही, जागा बदला. रांगेची १५ मिनिटं रोज पुरत नसतील, तर सारखा येणारा प्रश्न शोधून त्याचं उत्तर एकदाच ग्रुपवर टाका. अडथळ्यांसाठी ठेवलेली वेळ सलग रिकामी जात असेल, तर ती कमी करून वह्यांना द्या.

आणि हे सगळं पालकांना कळायला हवं, त्याशिवाय ते चालत नाही. ग्रुपवर टाकायला हा मजकूर वापरता येईल :

"नमस्कार पालकहो. मी मेसेज दुपारी १२.१५, २.५० आणि ५.३० ला बघते. मुलाची तब्येत, लवकर नेणं किंवा घ्यायला दुसरं कुणी येणार असेल तर मेसेज न करता शाळेच्या कार्यालयात फोन करा. भेटायचं असल्यास ३.३५ ते ३.५० या वेळेत या. दाखल्याचे अर्ज कार्यालयात द्या, ते दर गुरुवारी तयार होतील."