व्याजावरचं व्याज आणि बर्नुलीची असमानता

दहा हजार रुपये दसादशे दहा टक्क्यांनी ठेवले, तर तीन वर्षांनी सरळव्याजाने 13,000 होतात, चक्रवाढीने 13,310. चक्रवाढ कधीच मागे पडत नाही. याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाच्या नावाची असमानता हेच सांगते: (1+x)ⁿ ≥ 1+nx. इथे n ही 1, 2, 3 अशी पूर्ण संख्या आणि x उणे एकपेक्षा कमी नाही.

प्रत्येक n साठी हे कसं तपासणार? त्यासाठी गणिती विगमन. n = 1 ला दोन्ही बाजू सारख्याच. आता एखाद्या n ला विधान खरं आहे असं धरू आणि दोन्ही बाजूंना (1+x) ने गुणू. उजवीकडे (1+nx)(1+x), म्हणजे 1+(n+1)x+nx² मिळतं. वर्ग ऋण नसतो, त्यामुळे nx² सोडून दिलं तर उजवी बाजू वाढत नाही, उरतं 1+(n+1)x. म्हणजे विधान n+1 लाही खरं. एकावरून दोन, दोनावरून तीन, असं ते पुढे सरकत राहतं.

सगळी गंमत त्या nx² मध्ये आहे. दुसऱ्या वर्षी मिळालेले जादा 100 रुपये म्हणजे तेच: व्याजावरचं व्याज.

अट मात्र विसरू नका. (1+x) ऋण असेल तर गुणताना असमानतेचं चिन्ह उलटतं आणि ही सिद्धता तिथेच अडते. x = −4, n = 3 घेऊन बघा: डावीकडे −27, उजवीकडे −11. विधानच खोटं ठरतं.