कन्व्हेयन्सवाल्या बाई

डोंबिवलीतल्या एका जुन्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. गच्चीवर मांडलेल्या खुर्च्या, पाण्याच्या टाकीची गळती, पार्किंगवरून नेहमीचा वाद. शेवटी सेक्रेटरी उठून सांगतात की इमारतीला 27 वर्षं झाली, पण खालची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे. मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणतात, "माझ्या साडूंच्या सोसायटीचं हे काम एका वकील बाईंनी करून दिलं. कन्व्हेयन्सवाल्या बाई म्हणतात त्यांना. नंबर मागवून देतो."

या गृहस्थांनी त्या बाईंना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांचं नावही त्यांना आठवत नव्हतं. तरी काम त्याच बाईंकडे गेलं.

या बाई माझ्या परिचयाच्या आहेत. वकिलीची पहिली नऊ वर्षं त्या सगळीच कामं घेत: भाडेकरार, मृत्युपत्रं, चेक न वटल्याच्या तक्रारी, अधूनमधून घटस्फोट. काम चोख करत, फी वाजवी घेत. ओळखीचे लोक त्यांना "चांगली वकील" म्हणत आणि त्यांना वाईट वाटायचं ते नेमकं याचंच. कारण "चांगली वकील" ही ओळख कुणालाच नेमक्या वेळी आठवत नाही. समोरचा माणूस आपली अडचण सांगत असतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात त्या अडचणीतला एखादा शब्द कुठेतरी अडकावा लागतो. "चांगली" हा शब्द कुणाच्याच अडचणीत नसतो.

काम आणणारी माणसं बहुधा जवळची नसतात, हेही इथे लक्षात घ्यायला हवं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं, की ज्याच्याकडून या जागेबद्दल कळलं, तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? 1973 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात उत्तरं आहेत. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी आठवड्यातून दोनदा तरी भेटणाऱ्या माणसाकडून जागा कळलेले फक्त 16.7 टक्के होते. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून कळलेले 55.6 टक्के, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणाऱ्यांकडून कळलेले 27.8 टक्के. जवळच्या माणसांना बहुधा तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक आहे. नवी बातमी लांबून येते.

आता या लांबच्या माणसाच्या बाजूने पाहा. साडूंच्या सोसायटीतल्या वकिलाबद्दल तो मनात किती साठवून ठेवणार? फार तर एक वाक्य. त्या वाक्यात चार कामं बसत नाहीत. मराठीने यासाठी "वाला" हा सोयीचा प्रत्यय ठेवला आहे: गुडघेवाले डॉक्टर, पैठणीवाले, कन्व्हेयन्सवाल्या बाई. "वाला"च्या आधी एकच शब्द मावतो.

बाईंनी तो शब्द कसा निवडला, हे मला या सगळ्यात सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. आधी त्या काय आहे ते सांगतो. आपल्याकडे फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरने सोसायटी नोंदल्यावर जमीन आणि इमारत तिच्या नावावर करून द्यायची असते. 1963 च्या मोफा कायद्याच्या कलम 11 मध्ये हे बंधन आहे, आणि करारात वेगळी मुदत ठरली नसेल तर चार महिन्यांत ते पुरं करायचं असतं. पुष्कळ बिल्डरांनी ते केलं नाही, कारण उरलेल्या चटईक्षेत्रावर त्यांचा डोळा असतो. म्हणून कायद्यात दुरुस्ती होऊन 2008 पासून सोसायटीला बिल्डरशिवाय पुढे जाता येऊ लागलं. नमुना 7 मध्ये जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, सुनावणी होते, आदेश मिळतो. यालाच मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे लोकांच्या भाषेत डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात. आदेशानंतर दस्ताचं मुद्रांक शुल्क ठरवून घ्यायचं, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करायची आणि शेवटी सातबारावर किंवा मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव लावून घ्यायचं.

बाईंनी "मालमत्ता कायदा" असा शब्द घेतला असता, तर तो वकिलांना समजला असता. पण सेक्रेटरीच्या तोंडी तो येत नाही. "आमचं कन्व्हेयन्स झालेलं नाही" हे वाक्य मात्र प्रत्येक जुन्या सोसायटीत जसंच्या तसं बोललं जातं. ओळख आपल्या कौशल्याच्या नावाने ठेवायची की लोक आपली अडचण ज्या शब्दांत सांगतात त्या नावाने, इथेच बहुतेकांची गल्लत होते. शिवाय हे वाक्य ठरलेल्या वेळी उच्चारलं जातं. सप्टेंबरअखेरपर्यंत सर्वसाधारण सभा होतात तेव्हा, लेखापरीक्षक दप्तर तपासताना, आणि पुनर्विकासासाठी आलेला बिल्डर पहिलाच प्रश्न "जमीन कुणाच्या नावावर?" असा करतो तेव्हा. एकाच लेखापरीक्षकाच्या हातात अनेक सोसायट्यांची दप्तरं असतात. त्याच्या मनात हे एक वाक्य बसलं, तर ते दर वर्षी अनेक वेळा जागं होतं.

पण एवढ्याशा कामावर पोट भरेल का? बाईंनी हे मोजून पाहिलं. सोसायटीच्या पाटीवर नोंदणी क्रमांक असतो आणि त्यात बहुधा वर्षही असतं. दोन रविवार त्या रस्त्यांवरून पाट्या वाचत फिरल्या. हिशेब साधा होता. समजा दोन रस्त्यांवर 150 जुन्या सोसायट्या आहेत आणि निम्म्यांचं कन्व्हेयन्स राहिलं आहे, तर 75. त्यांतल्या दहांत एक सोसायटी यंदा हालचाल करेल असं धरलं, तर वर्षाला सात-आठ कामं. कार्यालय चालवायला त्यांना निदान 15 हवी होती. म्हणजे दोन रस्ते पुरणार नव्हते. अशा वेळी माणूस घाबरून शब्दच रुंद करतो आणि कन्व्हेयन्सच्या जोडीला करार, मृत्युपत्र, सगळंच पुन्हा सांगू लागतो. बाईंनी शब्द तोच ठेवला आणि रस्ते वाढवले. डोंबिवलीबरोबर कल्याण घेतलं, मग ठाणे.

जुनी कामं त्यांनी सोडली नाहीत, हेही सांगायला हवं. आलेलं मृत्युपत्र त्या करून देत, फक्त त्याबद्दल स्वतःहून बोलत नसत. ओळख अरुंद करायची म्हणजे उत्पन्न लगेच अरुंद करायचं, असा अर्थ नाही. पहिली दोन वर्षं त्यांचं घर जुन्याच कामांवर चाललं.

वकिलांची आणखी एक अडचण आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 नुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही, आणि अमुक कामात विशेष तज्ज्ञ असल्याचं पाटीवर लिहिताही येत नाही. म्हणजे "कन्व्हेयन्सवाल्या बाई" हे शब्द त्यांना स्वतःच्या दारावर लावता येणारच नव्हते. ते दुसऱ्यांच्या तोंडूनच यायला हवे होते, आणि त्यासाठी काम असं व्हायला हवं होतं, की सांगणाऱ्याला सांगण्याजोगं काही मिळेल.

एक प्रकरण सांगतो. एकाच सातबारावर तीन इमारती, तीन वेगळ्या सोसायट्या. त्यांतल्या एकीला कन्व्हेयन्स हवं होतं. बाकीच्या दोघी गप्प, आणि बिल्डरचं म्हणणं की अजून एक इमारत बांधायची आहे, सगळं झाल्यावर एकदम बघू. आधीच्या वकिलांनी संपूर्ण जमीन मागणारा अर्ज लिहून ठेवला होता. तो टिकला नसता, कारण एका सोसायटीला तिघींची जमीन मिळू शकत नाही. बाईंनी आर्किटेक्टला मंजूर नकाशे दिले. इमारतीखालची आणि तिच्या लगतची जमीन किती, बांधकामाच्या प्रमाणात वाटा किती, हे काढून घेतलं. आतला रस्ता आणि बाग यांत अविभाज्य हिस्सा मागितला आणि आर्किटेक्टचा दाखला अर्जाला जोडला. सगळ्या फ्लॅटचे सूची क्रमांक 2 चे उतारे गोळा करायलाच तीन महिने गेले, कारण चार मूळ मालक परदेशात होते. मंजुरी मिळाली. त्यानंतर शेजारच्या दोन्ही सोसायट्या आपणहून आल्या. सगळी कामं करणाऱ्या वकिलाकडे असं प्रकरण पाच वर्षांत एकदा येतं आणि दर वेळी त्याला नव्याने शिकावं लागतं. बाईंकडे हे चौथं होतं. चुका कुठे होतात हे त्यांना पाठ झालं होतं, आणि अरुंद वाटेचा खरा फायदा मला त्यात दिसतो. नाव लक्षात राहतं तेही अखेर त्यामुळेच टिकतं.

ओळख रुजते आहे की नाही हे ओळखायला त्यांनी एक साधी वही ठेवली. नवा फोन आला की तीन गोष्टी लिहायच्या: नाव कुणी दिलं, सांगणाऱ्याला आपण ओळखतो का, आणि त्याने नेमके कोणते शब्द वापरले. पहिल्या वर्षी तिसऱ्या रकान्यात "ओळखीच्या वकील आहेत", "घरची माणसं आहेत" असंच होतं. फोनही घटस्फोटाचे यायचे. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर "कन्व्हेयन्स" हा शब्द दिसू लागला, पण तो त्यांच्याच पक्षकारांकडून. सभेतल्या गृहस्थांसारखी, त्यांना कधीही न भेटलेली माणसं तोच शब्द वापरू लागली, त्याला तिसरं वर्ष उजाडलं. बहुतेक लोक दुसऱ्या वर्षाच्या आतच शब्द बदलतात, असं बाई म्हणतात. मग आधीचं वाक्य अर्धवट पसरलेलं राहतं आणि नवं पहिल्यापासून सुरू होतं.

या वाटेला शेवटही आहे. मे 2017 पासून रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला. आता नव्या प्रकल्पांवर त्याची देखरेख असते, आणि जुन्या सोसायट्यांपैकी ज्यांचं काम एकदा झालं त्या पुन्हा येत नाहीत. पाट्यांचा हिशेब दर वर्षी थोडा आटतो. बाईंना हे आधी वहीतून कळलं. गेल्या वर्षी तिसऱ्या रकान्यात एक नवं वाक्य चार वेळा आलं, चार वेगळ्या माणसांकडून: "पुनर्विकासाची सही करण्याआधी या बाईंना कागद दाखवा." त्यांनी ते वाक्य कुणाला शिकवलं नव्हतं. त्याखाली पेन्सिलने रेघ ओढली आहे, आणि पुढच्या रविवारी त्या पुन्हा पाट्या वाचायला निघणार आहेत. या वेळी 30 वर्षांवरच्या इमारती मोजायच्या आहेत.