भागाकाराचा उतार

११ नोव्हेंबर १६७५ रोजी लाइबनिझने पॅरिसमध्ये एका टिपणात स्वतःलाच एक प्रश्न घातला होता. दोन राशींच्या गुणाकाराचं विकलन म्हणजे त्यांच्या विकलनांचा गुणाकार, आणि भागाकाराचं विकलन म्हणजे विकलनांचा भागाकार, असं असेल का? त्याने साधं उदाहरण घेऊन ताळा केला आणि उत्तर ‘नाही’ असं आलं. अकरावी-बारावीची मुलं आजही नेमकी याच वळणावर अडखळतात. त्यांना चूक म्हणून नुसती फुली मिळते, त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण ताळा कसा करायचा हे दोन मिनिटांत दाखवता येतं.

टॅन म्हणजे साइन भागिले कोसाइन. साइनचं विकलन कोसाइन आणि कोसाइनचं उणे साइन, एवढं पाठ असतं. मग वरच्याचं विकलन वर, खालच्याचं खाली ठेवलं की `-cos x / sin x` मिळतं. आता x = π/4, म्हणजे ४५ अंश घ्या. या सूत्राने उतार उणे १ येतो, म्हणजे टॅन तिथे घटायला हवा. पण ० ते ९० अंशांत कोन वाढला की टॅन वाढतो, हे दहावीच्या मुलालाही माहीत असतं. चिन्हच उलटं आलं म्हणजे सूत्र चुकलं.

भागाकारात असं का होतं? अंश वाढला तर भागाकार वाढतो, छेद वाढला तर तो घटतो. दोन्ही एकाच वेळी बदलत असतात, म्हणून दोन्ही परिणाम मोजून एकातून दुसरा वजा करावा लागतो. भागाकाराचा नियम एवढंच सांगतो: छेद गुणिले अंशाचं विकलन, वजा अंश गुणिले छेदाचं विकलन, आणि सगळ्याला छेदाच्या वर्गाने भाग. टॅनसाठी ते असं होतं:

`(cos x · cos x − sin x · (−sin x)) / cos² x`

वजाबाकीतलं उणं आणि कोसाइनच्या विकलनातलं उणं मिळून अधिक होतं. वर `cos² x + sin² x`, म्हणजे १ उरतो आणि उत्तर `1/cos² x`, म्हणजेच `sec² x` येतं. ४५ अंशांवर ते २ आहे. कोन ०.०१ रेडियनने वाढवून पाहा: टॅन १ वरून १.०२०२ होतो. वाढ ०.०२०२, तिला ०.०१ ने भागलं की २.०२. ताळा जुळला. मात्र कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवून त्यात ०.७८५४ घातलं, तर टॅन १ न येता ०.०१३७ येईल. ही सगळी सूत्रं रेडियनमधलीच आहेत.

सेक तर त्याहून सोपा. वर १ असल्यामुळे अंशाचं विकलन शून्य. उरतं `sin x / cos² x`, म्हणजे `sec x · tan x`. कोसाइन शून्य होतो त्या ९० अंशांवर मात्र टॅन आणि सेक दोन्ही अस्तित्वातच नसतात. `sec² x` कधीच उणं नसतं, तरी ८९ अंशांना ५७.२९ असलेला टॅन ९१ अंशांना उणे ५७.२९ होतो, तो यामुळेच. मध्ये आलेख तुटलेला असतो.

आता `sin(x²)`. इथे भागाकार नाही, एकात एक बसवलेल्या दोन क्रिया आहेत: आधी वर्ग, मग त्या वर्गाचा साइन. x किंचित वाढला की वर्ग 2x पट वाढतो आणि वर्गाच्या त्या वाढीच्या `cos(x²)` पट साइन बदलतो. पटींचा गुणाकार होतो, म्हणून उत्तर `2x · cos(x²)`. साखळी नियम तो हाच. वहीत बहुधा दोन चुका दिसतात: कुणी 2x विसरून `cos(x²)` लिहितो, तर कुणी कोसाइनच्या आतल्या वर्गाचंच विकलन करून `cos(2x)`. x = १ घेतलं तर नियमाप्रमाणे १.०८, पहिल्या चुकीप्रमाणे ०.५४ आणि दुसरीप्रमाणे उणे ०.४२ येतं. x ची किंमत १.०१ केल्यावर `sin(x²)` ०.८४१५ वरून ०.८५२२ वर जातो, म्हणजे उतार सुमारे १.०७. कोण बरोबर ते उघड आहे.

तो 2x आलेखात डोळ्यांनीही दिसतो. `sin x` च्या लाटा सारख्या अंतराने येतात. `sin(x²)` मात्र ०, १.७७, २.५१, ३.०७, ३.५४ अशा ठिकाणी शून्य होतो. लाटांची उंची १ च राहते, पण त्या दाटत जातात, म्हणून चढ-उतार तीव्र होत जातात. x = १० च्या आसपास उतार जवळपास २० ला पोहोचतो. नुसता `cos(x²)` लिहिला तर तो १ च्या वर कधीच जाणार नाही.

लाइबनिझने भागाकाराचा बरोबर नियम १६८४ मध्ये छापला, त्या टिपणानंतर ९ वर्षांनी.