हप्ता किती बसेल?

घरासाठी कर्ज काढणारा माणूस रात्री जेवणं उरकल्यावर मोबाइलवर काय लिहितो? `25 lakh home loan emi kiti`. मराठी रोमन लिपीत, मधे इंग्रजी शब्द, प्रश्नचिन्ह नाही. आणि कर्ज देणाऱ्या संस्थेच्या पानाचं शीर्षक असतं ‘गृहकर्ज समान मासिक हप्ता गणक’, त्याआधी संस्थेचं लांबलचक नाव. पान तेच, आकडेमोडही बरोबर. पण विचारणाऱ्याचा आणि सांगणाऱ्याचा एकच शब्द जुळतो, ‘हप्ता’. तोही विचारणाऱ्याने टंकलेलाच नाही.

गूगलवर काही शोधलं की प्रत्येक निकालात एक मोठी ओळ दिसते आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत दोन ओळी. मोठी ओळ म्हणजे पानाचं शीर्षक, खालच्या ओळी म्हणजे वर्णन. दोन्हींचं काम वेगळं आहे. पान कशाबद्दल आहे हे ठरवताना गूगल शीर्षकातले शब्द विचारात घेतं. वर्णनाचा क्रमवारीशी संबंध नाही, हे गूगलने 2009मध्येच सांगितलं आहे. म्हणजे वर्णन माणसासाठी लिहायचं असतं. ते वाचून तो बोट टेकवणार की खालच्या निकालाकडे सरकणार, एवढाच त्याचा प्रश्न.

हप्त्याबद्दल शोधणाऱ्यांचे प्रश्न एकसारखे दिसले तरी ते निदान तीन जातींचे असतात. पहिला ‘एवढ्या कर्जाला हप्ता किती?’ दुसरा उलटा: ‘पन्नास हजार पगारावर कर्ज किती मिळेल?’ तिसरा कर्ज चालू असलेल्याचा: ‘मधे दोन लाख भरले तर हप्ता कमी होईल की वर्षं?’ साधा ईएमआय कॅल्क्युलेटर फक्त पहिल्याचं उत्तर देतो. बरीच पानं शीर्षकात तिन्ही कोंबतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाचा माणूस रिकाम्या हाताने मागे फिरतो.

एखाद्या तालुक्याच्या पतसंस्थेने असं पान केलं आहे, असं समजू. शब्द कुठून आणायचे? सगळ्यात आधी कर्ज विभागाच्या टेबलावरून. तिथे कोणी ‘मासिक हप्त्याची परिगणना करून द्या’ म्हणत नाही. ‘पंचवीस लाखाला हप्ता किती बसेल?’ म्हणतात. मग गूगलच्या शोधपेटीत अर्धवट ओळ लिहून खाली सुचणाऱ्या ओळी बघायच्या. आणि पान चार-सहा महिने जुनं असेल तर `Search Console` हे गूगलचं फुकट साधन उघडायचं. त्यात आपलं पान लोकांना कोणत्या शब्दांवर दिसलं आणि त्यांतल्या किती जणांनी ते उघडलं, हे दिसतं. फार विरळ शोध त्यात दाखवले जात नाहीत, पण नेहमीची बोली कळायला तेवढं पुरतं.

यातून तयार होणाऱ्या ओळी साधारण अशा:

```html
<title>होम लोन EMI कॅल्क्युलेटर – हप्ता किती बसेल?</title>
<meta name="description" content="25 लाख, 20 वर्षं, 8.5% व्याज: हप्ता सुमारे ₹21,696. तुमची रक्कम, मुदत, व्याजदर टाका; हप्ता आणि एकूण व्याज पाहा. मोबाइल नंबर लागत नाही.">
```

‘गृहकर्ज’ शुद्ध आहे, पण शोधपेटीत ‘होम लोन’च येतं, म्हणून ते पुढे. EMI ही तीन अक्षरं रोमनमध्येच ठेवली, कारण लोक ती तशीच टंकतात. `hapta`, `hafta`, `kist` अशी सगळी रूपं शीर्षकात ओतायचा मोह मात्र टाळावा. ती ओळ वाचताना माणसाला फसवणुकीचा वास येतो. महत्त्वाचे शब्द सुरुवातीला हवेत, कारण शीर्षकाला मिळणारी जागा रुंदीवर ठरते आणि मोबाइलवर शेपूट कापलं जातं. संस्थेचं नाव घालायचंच तर अगदी शेवटी.

वर्णनातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. हप्ता बघायला गेलं की आधी नंबर मागतात आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात, ही धास्ती कर्जदाराच्या मनात असतेच. अर्थात नंबर खरोखर मागत नसाल तरच हे लिहायचं.

आकड्याचंही तसंच. 8.5 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी लाखामागे हप्ता सुमारे 868 रुपये पडतो. 25 लाखांना 21,696, आणि एकूण व्याज सुमारे 27 लाख 7 हजार. पान उघडल्यावर आधीपासून भरलेले आकडे हेच असायला हवेत. वर्णनात 25 लाख आणि पानावर 50 लाख भरलेले असले, तर वाचणारा क्षणभर गोंधळतो आणि मागे जातो. दराच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. ‘8.5% व्याजाने हप्ता अमुक’ हे उदाहरण आहे, दर बदलला तरी ते खोटं ठरत नाही. ‘व्याज फक्त 8.5%’ हा मात्र वायदा आहे. रेपो दराबरोबर व्याज हललं, की तीच ओळ गूगलवर शिळी होऊन पडून राहते आणि ग्राहक तिचा फोटो घेऊन टेबलावर येतो.

एवढं करूनही गूगल आपल्याच ओळी दाखवेल याची हमी नाही. शीर्षक फार लांब किंवा पानाशी विसंगत वाटलं, तर ते पानावरच्या मोठ्या मथळ्यातून दुसरं उचलतं. वर्णनाऐवजी तर शोधाशी जुळणारं पानावरचं वाक्य बऱ्याचदा दाखवतं. म्हणून मथळा शीर्षकाशी जुळता ठेवावा आणि कॅल्क्युलेटरखाली 10, 15, 25, 40 लाखांच्या हप्त्यांचा छोटा तक्ता शब्दांत द्यावा. चाळीस लाख शोधणाऱ्याला मग ती ओळ सापडू शकते. काही जण याऐवजी प्रत्येक लाखाला वेगळं पान काढतात. फक्त आकडा बदललेल्या अशा पानांच्या रांगा गूगलच्या नियमांत स्पॅम ठरू शकतात.

बदल लागू पडला का, हे त्याच `Search Console`मध्ये कळतं. पान पूर्वीच्याच क्रमांकावर दिसतंय, पण उघडणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, तर ओळी कामाला आल्या. प्रमाण वाढलं आणि लोक आत येऊन काही न टाकताच निघून जात असतील, तर ओळींनी पानावर नसलेलं काहीतरी कबूल केलंय.

त्यात सगळ्यात जास्त घोळ दुचाकीच्या कर्जात होतो. तिथे दर पुष्कळदा ‘फ्लॅट’ सांगितला जातो, म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज. एक लाख, तीन वर्षं, 12 टक्के: फ्लॅटने हप्ता 3,778 रुपये, घटत्या शिलकीवर 3,321. बहुतेक कॅल्क्युलेटर दुसरी पद्धत वापरतात, आणि ग्राहक शोरूममध्ये ऐकलेला फ्लॅट दर त्यात टाकून 457 रुपये कमी हप्ता बघून खूश होतो. अशा पानाच्या वर्णनात निम्मी जागा याच्यावर खर्च करावी: ‘दुकानात सांगितलेला दर फ्लॅट आहे का? दोन्ही पद्धतींनी हप्ता पाहा.’ आणि पानावर दोन्ही पद्धतींची बटणं द्यावीत.