8:48 च्या फोटोला जागा कोणती?

पक्ष्यांचे फोटो काढायला पहाटे बाहेर पडलेल्या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यात फोटोची वेळ नोंदलेली असते, पण पुष्कळदा जागा नसते. खिशातला फोन मात्र अधूनमधून जीपीएसची नोंद करत असतो. त्यात वेळही असते आणि जागाही. घरी आल्यावर दोन्हींचा मेळ घालायचा, म्हणजे प्रत्येक फोटोच्या वेळेला सर्वांत जवळची जीपीएस नोंद शोधायची. नेमकी तीच वेळ नोंदींत असेलच असे नाही, म्हणून प्रश्न ‘आहे का?’ असा नसून ‘सर्वांत जवळची कोणती?’ असा असतो.

समजा, या नोंदी बायनरी सर्च ट्रीमध्ये ठेवल्या आहेत. या रचनेचा नियम एकच: कोणत्याही नोंदीच्या डाव्या फांदीवर तिच्या आधीच्या वेळा, उजव्या फांदीवर नंतरच्या. सर्वांत वर 8:40 आहे. तिच्या डावीकडे 7:15, उजवीकडे 10:30. 10:30 च्या डावीकडे 9:20 आणि उजवीकडे 11:45. 9:20 च्या डावीकडे 8:52 आणि उजवीकडे 9:50.

फोटो 8:48 चा आहे. शोध वरून सुरू होतो. 8:40 पासून अंतर 8 मिनिटे, तेव्हा सध्यापुरते उत्तर 8:40. फोटो नंतरचा, म्हणून उजवीकडे उतरायचे. तिथे 10:30 भेटते. अंतर 102 मिनिटे, उत्तर बदलत नाही. फोटो तिच्या आधीचा, म्हणून आता डावीकडे. 9:20 पाशी अंतर 32 मिनिटे, पुन्हा डावीकडे. 8:52 पाशी ते अवघे 4 मिनिटे होते आणि उत्तर बदलते. पुढे फांदी नाही. फोटोला 8:52 ची जागा मिळते.

या उताराची सगळी ताकद न पाहिलेल्या फांद्यांत आहे. 10:30 च्या उजव्या बाजूला 11:45 आहे, तिकडे शोध वळलाच नाही. का? फोटो 10:30 च्या आधीचा आहे आणि त्या बाजूची प्रत्येक नोंद 10:30 च्याही नंतरची. म्हणजे ती 10:30 पेक्षा लांबच असणार, आणि 10:30 तर तपासून झाली. तिथे एक नोंद असो की एक लाख, सोडताना काहीही हातचे जात नाही.

चूक होते ती घाईने. 8:40 वरून 10:30 वर येताच अंतर 8 वरून 102 वर गेले. ‘आता आपण लांब चाललो’ असे समजून कार्यक्रम इथेच थांबवला, तर 8:40 हे चुकीचे उत्तर पदरी पडते. वाटेत अंतर वाढते, कमी होते, पुन्हा वाढू शकते. नेमकी वेळ सापडली नसेल, तर फांदी संपेपर्यंत उतरावेच लागते. ही चूक चाचणीत लपून राहू शकते, कारण बऱ्याच वेळांना उत्तर योगायोगाने बरोबर येते. ती पकडायचा खात्रीचा मार्ग म्हणजे लहानलहान यादृच्छिक झाडे घ्यायची, सगळ्या नोंदी एकेक तपासूनही उत्तर काढायचे आणि दोन्ही ताडून पाहायची.

फोटो 8:46 चा असेल तर वेगळाच पेच पडतो. 8:40 आणि 8:52 दोन्ही बरोबर 6 मिनिटांवर. ‘अंतर कमी असेल तरच उत्तर बदला’ असा नियम असेल, तर वाटेत आधी भेटलेली 8:40 टिकते. पण याच नोंदी वेगळ्या क्रमाने भरल्या असत्या, तर 8:52 वर आली असती आणि तीच जिंकली असती. माहिती तीच, उत्तर निराळे. म्हणून बरोबरी झाल्यास आधीची वेळ घ्यायची की नंतरची, हे स्पष्ट लिहून ठेवणेच योग्य.

सर्वांत मोठी अडचण मात्र झाडाच्या आकाराची. जीपीएसच्या नोंदी वेळेच्या क्रमानेच येतात. साध्या झाडात त्या येतील तशा भरल्या, तर प्रत्येक नवी नोंद उजवीकडेच लागते आणि झाडाची एक लांब साखळी होते. मग 10 लाख नोंदींत शेवटच्या वेळेपर्यंत पोहोचायला 10 लाख पायऱ्या उतराव्या लागतात. यावर गेऑर्गी अडेल्सन-वेल्स्की आणि येव्गेनी लांडिस या सोव्हिएत गणितज्ञांनी 1962 मध्ये उपाय मांडला: नोंद भरताना एक बाजू दुसरीपेक्षा एकाहून जास्त पातळ्यांनी उंच झाली, की फांद्या फिरवून तोल सावरायचा. अशा झाडात 10 लाख नोंदी 28 पातळ्यांत मावतात. सहल संपली असेल आणि नोंदी यापुढे बदलणार नसतील, तर झाडाचीही गरज नाही. क्रमाने लावलेल्या यादीत मधोमध पाहत शोध घेतला तरी भागते. नोंदी येत असतानाच शोधही चालू ठेवायचा असेल, तेव्हा तोल सांभाळणारे झाड उपयोगी पडते.