सहाव्या आठवड्याचं काय करायचं?

दिनदर्शिका छापणाऱ्याच्या नजरेतून पाहिलं तर 2026चा फेब्रुवारी हा फार गुणी महिना. रविवारी सुरू होतो, शनिवारी संपतो आणि 28 तारखा चार ओळींत काठोकाठ बसवून देतो. असा फेब्रुवारी याआधी 2015 मध्ये आला होता, पुढचा 2037 मध्ये येईल. त्याच वर्षीचा ऑगस्ट मात्र खोडकर. त्याची 1 तारीख शनिवारी. म्हणजे पहिल्या ओळीत सहा चौकोन रिकामे, सातव्यात एकटा 1, आणि शेवटी 30 व 31 या दोन तारखांसाठी एक अख्खी सहावी ओळ.

एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये महिन्याचं पान आपोआप तयार करायचं, तर हे दोन्ही महिने एकाच सूत्राला पेलता आले पाहिजेत. एका चौकोनात महिना, दुसऱ्यात वर्ष. ते बदललं की सगळ्या तारखा आपापल्या वाराखाली जाऊन बसाव्यात, हाताने एकही आकडा टंकावा लागू नये. सोसायटीच्या कार्यालयापासून शिकवणीच्या वर्गापर्यंत अशी पानं लागतात. घरी तर हमखास लागतात, कारण दूध किती घेतलं, पेपर कोणत्या दिवशी आला नाही, सिलिंडर कधी लावला, हा सगळा हिशोब आपल्याकडे तारखेच्या चौकोनातच लिहिला जातो.

हे साधतं ते एका साध्या गोष्टीमुळे. तारीख आपल्याला दिसते दिवस-महिना-वर्ष अशी, पण एक्सेलच्या पोटात तो नुसता क्रमांक असतो. 1900 सालच्या सुरुवातीपासून मोजत आलं की 1 ऑगस्ट 2026 हा 46235 क्रमांकाचा दिवस. दुसऱ्या दिवशी 46236. महिना संपला, वर्ष उलटलं, तरी मोजणी तुटत नाही. त्यामुळे ‘महिन्यात दिवस किती’ हा प्रश्न सूत्राला पडतच नाही. पहिल्या चौकोनातला क्रमांक कळला की पुढे फक्त एक-एक वाढवत जायचं.

आणि वाढवत जाण्याचं काम SEQUENCE करतं. त्याला ओळी किती, रकाने किती आणि सुरुवात कुठून, एवढं सांगितलं की तो आकड्यांचा सगळा तक्ता एका दमात पसरवतो. खरा विचार करायचा तो सुरुवातीचा. B1 मध्ये महिना 8 आणि B2 मध्ये वर्ष 2026 आहे, चौथ्या ओळीत रविवार ते शनिवार अशी नावं लिहिली आहेत, असं धरू. मग A5 मध्ये एवढंच लिहायचं:

```
=SEQUENCE(6,7,DATE(B2,B1,1)-WEEKDAY(DATE(B2,B1,1))+1)
```

WEEKDAY हे रविवारला 1 आणि शनिवारला 7 म्हणतं. आपली 1 ऑगस्ट शनिवारची, म्हणून 46235 मधून 7 वजा केले आणि 1 मिळवला. उत्तर आलं 46229. हा दिवस म्हणजे 26 जुलै, त्या आठवड्याचा रविवार. तिथून 42 चौकोन भरत गेलं की शेवटी 5 सप्टेंबर येतो. फेब्रुवारीची 1 तारीख रविवारची, तिथे 1 वजा होतो आणि 1 मिळवला जातो, म्हणजे हललो कुठेच नाही. पहिल्या चौकोनात 1 फेब्रुवारीच येते.

तो शेवटचा +1 पाहायला किरकोळ वाटतो. तो विसरला तर प्रत्येक तारीख एक घर उजवीकडे सरकते, आणि पान इतकं व्यवस्थित दिसतं की चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. वारांची नावं सोमवारपासून लिहायची असतील तर WEEKDAY ला दुसरा आकडा 2 द्यावा लागतो, WEEKDAY(तारीख,2) असा. मग सोमवार 1 आणि रविवार 7 होतो. नावं बदलली आणि सूत्र तसंच राहिलं, तरीही वार चुकतात. यावर पडताळा सोपा आहे. ज्या तारखेचा वार पक्का ठाऊक आहे ती शोधायची. 15 ऑगस्ट 2026 शनिवारी येते. ती शुक्रवारच्या किंवा रविवारच्या रकान्यात दिसली, तर पान छापायचं नाही.

सूत्र दिल्यावर पहिल्यांदा बहुधा 46229, 46230 असे आकडेच समोर येतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चौकोनांना d हे फॉरमॅट दिलं की नुसता दिवसाचा आकडा उरतो. शेजारच्या महिन्यांच्या तारखा लपवायला A5:G10 निवडून Conditional Formatting मध्ये =MONTH(A5)<>$B$1 हा नियम लावायचा आणि त्या तारखांना फिका करडा रंग द्यायचा.

इथपर्यंत बहुतेक जण पोचतात, आणि मग कागद आडवा येतो. ए-फोर कागद आडवा धरला की 297 बाय 210 मिलिमीटर. चारही बाजूंनी 10 मिलिमीटर सोडले आणि महिन्याच्या व वारांच्या नावांना मिळून 30 दिले, तर तारखांसाठी 160 मिलिमीटर उंची उरते. पाच ओळी असतील तर प्रत्येकीला 32 मिलिमीटर, सहा असतील तर जेमतेम 27. ‘दूध दीड लिटर’ लिहून त्याखाली डॉक्टरांची वेळ लिहायची, तर हा फरक जाणवतो. शिवाय सहावी ओळ लागते कितीदा? 2026 मध्ये फक्त मे आणि ऑगस्टला. उरलेले दहा महिने ती नुसती जागा अडवून बसते.

भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकांनी यावर केव्हाच तोड काढली आहे. त्यांतल्या अनेकींत महिना सुरू होण्याआधीचे रिकामे चौकोन वाया जात नाहीत. उरलेल्या 30 आणि 31 तारखा त्यांतच, म्हणजे पानाच्या सुरुवातीला, नेऊन बसवतात. परक्या माणसाला 1 तारखेच्या आधी 30 पाहून चक्रावायला होईल, पण इथल्या घरांत नजर त्याला सरावलेली असते. हीच युक्ती सूत्रालाही शिकवता येते. पाच ओळी म्हणजे 35 दिवस. म्हणून पहिल्या ओळीतल्या मागच्या महिन्याच्या तारखेत 35 मिळवले की त्याच वाराची, सहाव्या आठवड्यातली तारीख मिळते. 26 जुलैमध्ये 35 मिळवले की 30 ऑगस्ट.

```
=LET(d,DATE(B2,B1,1), e,EOMONTH(d,0),
 g,SEQUENCE(5,7,d-WEEKDAY(d)+1),
 n,g+35*(g<d), IF(n<=e,n,""))
```

यात d ही महिन्याची पहिली तारीख आणि e शेवटची. g हा पाच ओळींचा कच्चा तक्ता. n मध्ये फक्त d च्या आधीच्या तारखांना 35 मिळवले जातात, आणि शेवटच्या अटीमुळे महिन्याबाहेर गेलेलं सगळं कोरं राहतं. ऑगस्ट 2026 मध्ये पहिल्या ओळीत रविवारखाली 30, सोमवारखाली 31, मग चार कोरे चौकोन आणि शनिवारी 1 असं दिसतं. मे महिन्यात रविवारखाली एकटी 31 येते. फेब्रुवारीत पाचवी ओळ पूर्ण कोरी राहते. ती टिपणांना बरी. करड्या रंगाचा नियम आता लागतच नाही. गूगल शीट्समध्ये मात्र हे सगळं सूत्र ARRAYFORMULA( ) च्या कंसात घालावं लागतं. वार डावीकडे उभे हवे असतील तर तेच सूत्र TRANSPOSE( ) मध्ये घालायचं. सात ओळी आणि पाच रकाने होतात.

या पसरणाऱ्या सूत्राची एक अट असते: त्याच्या वाटेत काहीही असता कामा नये. एखाद्या चौकोनात आधीचा मजकूर राहिला, किंवा कुणी शोभेसाठी दोन चौकोन एकत्र जोडले, की एक्सेल #SPILL! दाखवून अडून बसतं. गूगल शीट्स अशा वेळी, वाटेतल्या मजकुरावर पाऊल न ठेवता, #REF! म्हणतं. तारखेच्याच चौकोनात ‘वाढदिवस’ टंकायला गेलं तरी हेच होतं.

मग टिपणं टंकायची कुठे? काही जण दर आठवड्याखाली एक रिकामी ओळ ठेवतात आणि प्रत्येक आठवड्याला वेगळं एका ओळीचं SEQUENCE देतात. तेही चालतं, पण महिना बदलला की तारखा सरकतात आणि टंकलेला मजकूर जागच्या जागी राहतो. ऑगस्टच्या 15 तारखेखाली लिहिलेलं ‘झेंडावंदन’ सप्टेंबरचं पान काढल्यावर 19 तारखेखाली जाऊन बसतं. म्हणून टंकलेली टिपणं वेगळ्या पानावर, तारीख आणि मजकूर अशा यादीत ठेवावीत आणि सूत्राने इकडे आणावीत. सणांचंही तसंच. तिथी आणि अधिक मास या गणितात कुठेच नाहीत. 2026ची गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे हे पंचांगात पाहूनच यादीत भरावं लागतं. हाताने लिहिणाऱ्याला ही कटकट नाही. त्याने आकडा चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यात ठेवावा आणि ओळीची उंची साधारण 90 पॉइंट करावी, म्हणजे जवळपास 32 मिलिमीटर मिळतात. चौकोनांना किनारीही द्यावी, कारण पडद्यावरच्या फिक्या रेषा एरवी छापल्या जात नाहीत.

बँकांचे सुटीचे शनिवार मात्र यादीशिवाय काढता येतात. सप्टेंबर 2015 पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. रविवारपासून सुरू होणाऱ्या पानात शनिवार शेवटच्या रकान्यात असल्याने पहिल्या ओळीतला शनिवार नेहमी त्याच महिन्याचा असतो. म्हणून दुसऱ्या ओळीतला शनिवार हाच दुसरा शनिवार. ऑगस्ट 2026 मध्ये 8 आणि 22. सोमवारपासूनच्या पानात हा हिशोब बिघडतो. तिथे फेब्रुवारी 2026च्या पहिल्या ओळीतला शनिवार 31 जानेवारीचा निघतो आणि दुसरा शनिवार, 14 तारीख, तिसऱ्या ओळीत जातो. रंगाचा नियम ओळीवर न बेतता तारखेवर बेतला, म्हणजे शनिवार आणि तारीख 8 ते 14 किंवा 22 ते 28, तर दोन्हीकडे चालतो.

सगळ्यात लबाड चूक वर्षाच्या चौकोनात होते. घाईत कुणी 2026 ऐवजी 26 टंकलं तर कसलीही चूक दाखवली जात नाही. DATE त्यात 1900 मिळवून 1926चा ऑगस्ट काढून देतं. त्या महिन्याची 1 तारीख रविवारची होती, त्यामुळे पान सुबक येतं आणि सगळे वार चुकलेले असतात. महिना 13 टंकला तरी DATE मुकाट्याने पुढच्या वर्षाचा जानेवारी धरतं. म्हणून पानाचं शीर्षक हाताने न लिहिता =TEXT(DATE(B2,B1,1),"mmmm yyyy") असं सूत्रातूनच आणलेलं बरं; वर 1926 दिसलं की चूक तिथेच पकडली जाते. B1 आणि B2 साठी Data Validation मध्ये 1 ते 12 आणि 2000 ते 2100 अशी मर्यादा घातली तर चुकीचा आकडा आतच येत नाही.

SEQUENCE आणि LET दोन्ही एक्सेल 2021 मध्ये आणि मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये आहेत. 2016 आणि 2019 मध्ये नाहीत. कित्येक कार्यालयांत अजून तीच जुनी आवृत्ती चालते, आणि नव्या संगणकावर बनवलेली फाइल तिथे महिना बदलताच #NAME? दाखवू लागते. अशा ठिकाणी A5 मध्ये फक्त =DATE(B2,B1,1)-WEEKDAY(DATE(B2,B1,1))+1 लिहावं, B5 मध्ये =A5+1 लिहून ते G5 पर्यंत ओढावं, A6 मध्ये =A5+7 लिहून ते उजवीकडे आणि खाली दहाव्या ओळीपर्यंत ओढावं. सहा ओळींचा तक्ता तयार होतो, करड्या रंगाचा नियमही त्यावर तसाच बसतो.