फिकट रंगाचं तळण

भजी कढईतून कधी काढायची हे आपल्याला रंग सांगतो. सोनेरी झाली की झारा घालायचा. जपानी टेम्पुराला हा नियम लावला तर तो हमखास बिघडतो. कोळंबीचा किंवा भोपळ्याच्या फोडीचा टेम्पुरा तळून झाला तरी फिकट पिवळसरच असतो. आवरण इतकं पातळ की आतली भाजी ओळखू यावी, आणि दाताखाली कुरकुरीत. फिकट म्हणजे कच्चं नव्हे. त्यातलं पाणी निघून गेलेलं असतं आणि रंग चढायच्या आत ते तेलातून बाहेर आलेलं असतं, एवढंच. हे साधायचं तर पिठातल्या पाण्याकडे लक्ष ठेवावं लागतं.

मैद्यात पाणी पडलं की त्यातली प्रथिनं फुगून एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनचं चिवट जाळं तयार होतं. पोळीच्या कणकेला हेच जाळं हवं असतं, म्हणून आपण ती मळतो आणि झाकून ठेवतो. टेम्पुराला ते नको. जाळं झालं की पाणी पिठात अडकून पडतं, तळताना सहज सुटत नाही आणि आवरण पावासारखं जाड, मऊ होतं. पाणी बर्फासारखं गार असलं की पीठ ते सावकाश शोषतं आणि जाळं विणायला वेळ लागतो. गार पाण्याचं काम एवढंच, पण सगळा पदार्थ त्यावर उभा आहे.

जपानमध्ये यासाठी कमी प्रथिनांचं, केकसाठी वापरतात तसलं पीठ घेतात. आपल्या मैद्यात प्रथिनं थोडी जास्त असतात, म्हणून त्यात कॉर्नफ्लॉवर मिसळावं. चौघांपुरतं प्रमाण असं: 100 ग्रॅम मैदा आणि 20 ग्रॅम कॉर्नफ्लॉवर एकत्र चाळून फ्रीजमध्ये ठेवा. एक अंडं फोडून मापात घ्या आणि दोन्ही मिळून 200 मिलिलिटर होईल इतकं बर्फाचं पाणी त्यात घाला. पाण्यात बर्फाचे तुकडे राहू देऊ नका, नाहीतर ते वितळतील आणि पीठ पातळ होत जाईल. त्यापेक्षा पिठाचं भांडं बर्फ भरलेल्या मोठ्या भांड्यात ठेवावं. मे महिन्यातल्या मुंबईच्या स्वयंपाकघरात तर याला पर्यायच नाही.

पीठ कालवायचं ते तेल तापल्यावर, आधी नाही. अंड्याच्या पाण्यावर पीठ टाका आणि काड्यांनी किंवा काट्याने दहा-बारा वेळा ढवळून थांबा. कडेला कोरडं पीठ दिसेल, गुठळ्या राहतील, त्या राहू द्या. भज्यांच्या पिठाची सवय असलेल्या हाताला इथे आवर घालणं सगळ्यांत अवघड जातं, कारण गुठळ्या मोडेपर्यंत फेटणं आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. बेसनात ग्लुटेन नसतं, त्यामुळे ते फेटून बिघडत नाही. मैदा बिघडतो. सोडाही घालू नये, कारण त्याने पीठ अल्कधर्मी होतं आणि तळणाला रंग लवकर चढतो. भज्याला तो रंग शोभतो, इथे तो नको आहे.

आता तेल. टोकियोकडे तिळाचं तेल वापरायची जुनी रीत आहे, तिथला टेम्पुरा जरा गडद आणि खमंग असतो. क्योतो-ओसाकाकडे हलक्या वासाच्या तेलात फिकट तळतात आणि पुष्कळदा नुसत्या मिठाशी खातात. फिकट हवा असेल तर आपल्याकडचं ताजं रिफाइंड शेंगदाणा किंवा राइस ब्रान तेल उत्तम. आधी वापरलेलं तेल घेऊ नये, त्याचा रंग आवरणावर उतरतोच.

स्वयंपाकघरातला थर्मामीटर असला तर प्रश्नच नाही. नसेल तर काडीने पिठाचा थेंब तेलात सोडून पाहा. थेंब तळाला जाऊन हळूहळू वर आला तर तेल 160 अंशांच्या आसपास आहे. अर्ध्यापर्यंत बुडून पटकन वर आला तर 170 ते 180. बुडायच्या आधीच वरच्यावर फुटून पसरला तर 200च्या घरात, गॅस कमी करा. रताळं, भोपळा अशा शिजायला वेळ लागणाऱ्या भाज्यांना 160 ते 165 अंश लागतात. फरसबी, ढोबळी मिरची, वांग्याचा काप 170ला. कोळंबी 180ला, दीड-दोन मिनिटांत होते. म्हणून भाज्या आधी तळाव्यात आणि कोळंबी शेवटी. तिचा वासही मग भाज्यांना लागत नाही.

गार पीठ पडलं की तेलाचं तापमान उतरतं. एका वेळी तेलाचा अर्धा पृष्ठभाग मोकळा राहील इतकेच तुकडे सोडावेत. कढई भरली तर तेल निवतं, आवरण ते पिऊन बसतं आणि कितीही वेळ ठेवलं तरी कुरकुरीत होत नाही.

कोळंबीची तयारी जरा निगुतीने करावी लागते. शेपटी ठेवून सोला आणि पाठीवरचा काळा धागा काढा. पोटाच्या बाजूने चार-पाच उथळ आडव्या चिरा द्या आणि पालथी ठेवून बोटांनी हलकेच दाबा. आतले तंतू तुटल्याचं बोटांना कळतं, आणि मग ती तळताना आक्रसून वेटोळं होत नाही. शेपटीचं टोक तिरकं छाटून सुरीच्या पात्याने त्यातलं पाणी निपटून काढा. हे पाणी राहिलं तर गरम तेलात शेपटी फुटून अंगावर उडते. मग कोळंबी कापडाने टिपा, कोरड्या मैद्याचा पातळ हात फिरवा, जास्तीचं पीठ झटका आणि शेपटी धरून पिठात बुडवून तेलात अलगद सोडा. कोरडा मैदा चुकवला तर आवरण अंगावरून सुटून येतं.

यापुढे डोळे आणि कान बुडबुड्यांवर ठेवायचे. सुरुवातीला मोठे बुडबुडे जोरात फुटतात, म्हणजे पिठातलं पाणी वाफ होऊन निघतंय. तोवर ओलसर आवरण शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही, त्यामुळे त्याला रंगही चढत नाही. पाणी संपत आलं की बुडबुडे बारीक आणि विरळ होतात, आवाज पातळ होतो आणि तुकडा काडीला हलका लागतो. काढायची वेळ हीच. आणखी अर्धा मिनिट ठेवला तर कोरड्या आवरणाचं तापमान झपाट्याने वाढतं आणि ते तांबूस होऊ लागतं. रताळ्याचा जाड काप मात्र बुडबुड्यांवर न सोडता सुईने टोचून पाहावा. दर घाण्यानंतर तेलात तरंगणारा चुरा जाळीने काढून घ्या. तो जळला की तेल काळवंडतं आणि पुढच्या घाण्याला डाग पडतात.

ही रीत जपानची असली तरी तिचा उगम पोर्तुगीजांकडे दाखवतात. ते 1543मध्ये जपानला पोहोचले आणि पुढे त्यांची व्यापारी जहाजं गोव्याहून मकावमार्गे नागासाकीला जात. पोर्तुगालमध्ये आजही फरसबी पिठात बुडवून तळतात. एडोच्या रस्त्यांवरच्या गाड्यांवर मात्र समुद्रातली ताजी मासळी आणि कोळंबी या तळणात आली.

तळलेले तुकडे कागदावर रचू नका. जाळीवर एकमेकांना टेकवून उभे ठेवा आणि लगेच वाढा. पाच मिनिटांत भाजीतली वाफ आवरणात उतरते आणि ते नरम पडतं. उरलेला टेम्पुरा पुन्हा तळला तर रंग चढतो आणि कोळंबी रबरासारखी होते. जपानी घरांत तो गरम उदोनच्या रश्शात घालतात किंवा सोया आणि मिरिनच्या पाण्यात उकळून भातावर घेतात.